गुडघ्याएवढा टप्पा : टेनिसमधला स्लाइस बॅकहँड

१० जुलै २०२१ रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिलांचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ऑस्ट्रेलियाची ॲश बार्टी, उंची १ मीटर ६६ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला चेक प्रजासत्ताकाची कॅरोलिना प्लिस्कोव्हा, उंची १ मीटर ८६ सेंटिमीटर. प्लिस्कोव्हाची सर्व्हिस जोरदार आणि दोन्ही बाजूंचे फटके सपाट, सणसणीत. ताकदीचा विचार केला तर पारडं तिच्याकडे झुकायला हवं होतं. पण सामन्याचे पहिले सलग चौदा गुण बार्टीने घेतले आणि शेवटी ६-३, ६-७, ६-३ असा विजय मिळवला.

बार्टीकडे सर्व्हिस चांगली होती, फोरहँड तर फारच चांगला होता. पण तिच्या खेळाचं व्यवच्छेदक लक्षण होतं ते एका हाताने मारलेला स्लाइस बॅकहँड. आजच्या टेनिसमध्ये बहुतेक खेळाडू बॅकहँडला चेंडूवर टॉपस्पिन चढवतात, म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने गरगर फिरत जातो. स्लाइसमध्ये फिरकी नेमकी उलटी असते. चेंडू पुढे जातो, पण स्वतःभोवती मागच्या दिशेने फिरत जातो. असा चेंडू जाळीला जवळजवळ घासून जातो, टप्पा पडल्यावर उसळत नाही, आणि समोरच्या उंच खेळाडूला गुडघ्याशी वाकून तो उचलावा लागतो.

हा फटका पाहताना प्रेक्षकांची आणि पुष्कळ हौशी खेळाडूंचीही अशी समजूत होते की उलटी फिरकी चेंडूला खाली दाबून ठेवते. वस्तुस्थिती याच्या बरोबर उलट आहे. उलटी फिरकी चेंडूला हवेत वर उचलून धरते. आणि वर उचलून धरते म्हणूनच तो टप्प्यानंतर खाली राहतो. हे कोडं नीट उलगडलं की स्लाइस केव्हा मारावा, केव्हा मारू नये आणि तो फसतो तेव्हा का फसतो, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळतात.

हवेतला प्रवास

फिरणारा चेंडू हवेतून जाताना आपल्याभोवतीची हवा थोडी स्वतःबरोबर ओढून नेतो. उलट्या फिरकीच्या चेंडूचा वरचा भाग मागे सरकत असतो आणि खालचा भाग पुढे. त्यामुळे चेंडूवरून वाहणारी हवा मागे जाता जाता खाली वळवली जाते. हवा खाली ढकलली गेली की चेंडू वर ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. टॉपस्पिनमध्ये हेच सगळं उलटं घडतं आणि चेंडू खाली खेचला जातो.

हा जोर किती असतो? टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा असतो. चांगल्या वेगाने मारलेल्या आणि मिनिटाला सुमारे दोन हजार वेळा फिरणाऱ्या स्लाइसवर वरच्या दिशेने लागणारा जोर चेंडूच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश भरतो. म्हणजे चेंडूचं वजन जणू तेवढं कमी झालं. तो सावकाश खाली येतो. त्यामुळे त्याला मुळात उंच कमान घेऊन मारायची गरजच उरत नाही. कमरेच्या वर घेतलेला चेंडू जाळीवरून वीत-दीड वीत उंचीने सरळ पुढे ढकलला, तरी तो पलीकडच्या बेसलाइनजवळ जाऊन पोचतो.

टॉपस्पिनच्या चेंडूला ही सोय नसते. फिरकी त्याला खाली खेचत असल्यामुळे बेसलाइनपर्यंत पोचवायचा तर तो बराच उंच मारावा लागतो. जाळी मध्यभागी ९१ सेंटिमीटर उंच असते. जोरकस टॉपस्पिनचा चेंडू तिच्यावरून एक मीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर राखून जातो आणि मग झपकन खाली पडतो.

टप्पा किती उंच उठणार हे मुख्यतः इथेच ठरतं, चेंडू जमिनीला लागण्याच्या आधीच.

टप्प्याचा हिशोब

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने चेंडूसाठी एक नियम घालून दिला आहे. सामान्य प्रकारचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण, सपाट पृष्ठभागावर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे जितक्या उंचीवरून पडला, त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. एवढं एक माप हाताशी असलं की दोन्ही फटक्यांची तुलना कागदावर करता येते. हवेचा विरोध आणि कोर्टाचा पोत तूर्त बाजूला ठेवून ढोबळ हिशोब करू.

टॉपस्पिनचा चेंडू त्याच्या कमानीच्या टोकाला जमिनीपासून अडीच मीटरवर आहे असं धरा. नुसता पडला असता तर तो सुमारे १४० सेंटिमीटर उसळला असता. पण फिरकी त्याला खाली खेचते आहे. तो खेच वजनाच्या एक तृतीयांश धरला, तर चेंडू अडीचऐवजी सव्वातीन मीटरवरून पडल्यासारखा जमिनीवर आदळतो आणि १८० सेंटिमीटरच्या आसपास उठतो. समोरच्याला तो छातीशी, खांद्याशी खेळावा लागतो.

आता स्लाइस. त्याचा सर्वांत उंच बिंदू १ मीटर ३० सेंटिमीटर धरा. नुसता पडला असता तर ७० सेंटिमीटर उसळला असता. पण फिरकी त्याला तोलून धरते आहे. त्यामुळे तो जेमतेम ८७ सेंटिमीटरवरून पडल्यासारखा हलकेच जमिनीला टेकतो. उसळी उरते ४८ सेंटिमीटर. म्हणजे गुडघा.

एकाच कोर्टवर, एकाच चेंडूची उसळी एका फटक्यात खांद्यापर्यंत आणि दुसऱ्यात गुडघ्यापर्यंत. फिरकीने यात जमिनीवर काही जादू केलेली नाही. तिने चेंडूला सपाट वाटेने येऊ दिलं, आणि सपाट आलेला चेंडू सपाट निघून गेला. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड जवळजवळ आडवा फेकला तर तो पाण्याला टेकून पुढे सटकतो आणि तोच वरून टाकला तर बुडतो, तसा हा सगळा येण्याच्या कोनाचा खेळ आहे.

जमिनीवर काय होतं

टप्प्याच्या क्षणी फिरकीचं थोडं काम उरलेलं असतं. चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा घर्षण त्याला मागे ओढतं. उलट्या फिरकीत चेंडूचा खालचा भाग आधीच पुढे पळत असतो, त्यामुळे चेंडू जमिनीला पकडून लोळत नाही, टप्पाभर घासत जातो. घर्षण सतत त्याच्या विरोधात काम करतं. म्हणजे उलट्या फिरकीमुळे चेंडूचा पुढचा वेग कमीच होतो, वाढत नाही. मग स्लाइस टप्प्यानंतर सटकून वेगाने आल्यासारखा का वाटतो?

याचं उत्तरही कोनात आहे. घर्षण किती जोरात ओढणार हे चेंडू जमिनीवर किती जोरात दाबला जातो यावर अवलंबून असतं. सपाट आलेला स्लाइस जमिनीला हलकेच दाबतो, म्हणून घर्षणही त्याला थोडंच पकडतं आणि त्याचा बराचसा वेग शिल्लक राहतो. त्यात तो उंच उठत नसल्याने समोरच्याला तयारीला वेळ कमी मिळतो. चेंडू हवेतून तरंगत येताना पाहून त्याने जी वेळ मनात धरलेली असते, ती चुकते.

हीच फिरकी चेंडूवर भरपूर चढवून तो मऊ हाताने, उंच कमानीने जाळीपलीकडे टाकला की काय होतं? चेंडू वरून सरळ खाली येतो, जमिनीला जोरात दाबतो, घर्षण त्याला घट्ट पकडतं आणि त्याची पुढची चालच संपते. कधीकधी तो जाळीच्या दिशेने मागेही येतो. हा झाला ड्रॉप शॉट. फिरकीची दिशा तीच आहे, फक्त कोन बदलला आहे. ‘उलटी फिरकी म्हणजे खाली राहणारा चेंडू’ हे समीकरण अपुरं आहे ते यामुळे.

कोर्टाचा पोतही यात हात घालतो. गवत निसरडं असतं आणि चेंडूची उसळीही थोडी खाऊन टाकतं, म्हणून विम्बल्डनवर स्लाइस सर्वाधिक जाचतो. लाल मातीचं कोर्ट खडबडीत असतं. माती चेंडूला पकडते, हळू करते आणि जास्त उठवते. त्यामुळे तिथे स्लाइसची धार कमी होते. पण संपत नाही. बार्टीने २०१९ मध्ये फ्रेंच ओपन मातीवरच जिंकली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन हार्ड कोर्टवर जिंकली, तीही एकही सेट न गमावता. आपल्याकडे क्लबांमध्ये बहुतेक जण हार्ड कोर्टवर किंवा जुन्या जिमखान्यांच्या मातीवर खेळतात. तिथे गवताइतकी मदत मिळणार नाही हे गृहीत धरून चेंडू आणखी सपाट आणि आणखी खोल मारावा लागतो.

तरंगणारा स्लाइस

हौशी खेळात दिसणारे बहुतेक स्लाइस गुडघ्याशी राहत नाहीत. ते जाळीवरून मीटरभर उंच, हळूहळू तरंगत जातात, कोर्टाच्या मध्यावर पडतात आणि कमरेपर्यंत आरामात उठून प्रतिस्पर्ध्याची वाट पाहतात. मारणाऱ्याला वाटतं, फिरकी कमी पडली. पुढच्या वेळी तो रॅकेट आणखी जोरात वरून खाली कापतो आणि चेंडू आणखीच तरंगतो.

कारण उघड आहे. रॅकेट जितकी सरळ खाली कापत जाईल, तितकी तिची ताकद चेंडू फिरवण्यात जाते आणि पुढे ढकलायला काही उरत नाही. शिवाय खाली जाणाऱ्या रॅकेटने चेंडू जाळीपलीकडे न्यायचा तर तिचं तोंड आभाळाकडे बरंच उघडावं लागतं. उघड्या तोंडामुळे चेंडू वर चढतो, फिरकी त्याला वरच धरून ठेवते, वेग नसल्याने तो कुठेच पोचत नाही, आणि शेवटी उंचावरून खाली पडतो. उंचावरून पडलेला चेंडू उंच उठणारच.

चांगल्या स्लाइसला म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात. तो जाळीच्या जवळून जावा, त्याला पुढचा वेग असावा आणि तो खोल, बेसलाइनच्या दीड-दोन मीटर आत पडावा. फिरकी या तिघांना जमवून आणते, पण त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आपला स्लाइस यातला कुठला हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दुसरा टप्पा. सराव करताना समोरच्या जोडीदाराला चेंडू न मारता सोडून द्यायला सांगा. कोर्टाच्या मागच्या कुंपणापर्यंत साधारण सहा मीटर जागा असते. बेसलाइनजवळ पडलेला सपाट स्लाइस फार वर उठत नाही, म्हणून त्याचा दुसरा टप्पा कुंपणाच्या अलीकडेच किंवा त्याच्या पायथ्याशी पडतो. तितकाच खोल पडलेला टॉपस्पिनचा चेंडू कुंपणावर वरच्या बाजूला जाऊन आदळतो. तुमच्या स्लाइसचा पहिलाच टप्पा सर्व्हिस लाइनच्या आसपास पडून चेंडू जोडीदाराच्या कमरेपर्यंत उठत असेल, तर तो तरंगतो आहे.

हात, खांदा आणि रॅकेट

रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. स्लाइससाठी कॉन्टिनेंटल ग्रिप लागते, म्हणजे सर्व्हिस आणि व्हॉलीला वापरतात तीच. रॅकेट तिच्या कडेवर उभी धरली तर उजव्या हाताच्या तर्जनीचं मूळ वरच्या सपाट पैलूच्या लगेच उजवीकडच्या तिरक्या पैलूवर येतं. या पकडीत रॅकेटचं तोंड आपोआप किंचित उघडं राहतं, मनगट वळवून ते उघडावं लागत नाही. फोरहँडच्या पकडीतच स्लाइस मारायला गेलेल्या नवख्याचं मनगट वेडंवाकडं होतं आणि चेंडू कुठेही जातो.

तयारी खांद्यांनी होते. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा खांदा जाळीकडे वळतो, डावा हात रॅकेटचा गळा धरून तिला मागे, खांद्याच्या उंचीपर्यंत नेतो. उजवा पाय पुढे पडतो आणि वजन त्याच्यावर येतं. चेंडू घ्यायचा तो पुढच्या पायाच्याही थोडा पुढे. शक्य असेल तेव्हा कमर ते छाती या पट्ट्यात, कारण तिथून तो जाळीवरून सपाट पाठवता येतो.

रॅकेट वरून खाली येते हे खरं, पण त्याहून जास्त ती पुढे जाते. चेंडूशी भेट होते तेव्हा तोंड अगदी थोडं उघडं असतं. तार आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या भागात नव्हे, पाच सहस्रांशात संपतो. तेवढ्या वेळात मनगट फिरवून फिरकी देणं माणसाच्या हाताला शक्य नाही. जे काही व्हायचं ते रॅकेट कुठल्या वाटेने आणि कुठल्या कोनात चेंडूपाशी पोचली त्यावर ठरलेलं असतं. म्हणून मनगट स्थिर ठेवून रॅकेट लक्ष्याच्या दिशेने लांब जाऊ द्यायची. फटक्यानंतर ती खाली पायाशी संपली असेल तर आपण कापलं. ती पुढे जाऊन छातीच्या उंचीला थांबली असेल तर आपण चेंडू नेला.

डाव्या हाताचं काम फटक्यासोबत संपत नाही. उजवा हात पुढे जाताना डावा हात मागे जातो आणि खांद्यांना आडवं राहायला लावतो. तो मागे गेला नाही तर छाती लवकर जाळीकडे उघडते, रॅकेट चेंडूला बाजूने घासते आणि चेंडू वळत वळत कोर्टाबाहेर सरकतो.

स्लाइस अडचणीत इतका कामी का येतो याचं कारणही चेंडूच्या फिरण्यात आहे. समोरून टॉपस्पिनने आलेला चेंडू टप्प्यानंतरही पुढच्या दिशेने फिरत असतो. त्याला परत टॉपस्पिन द्यायचा तर ते फिरणं आधी थांबवून उलट दिशेने सुरू करावं लागतं. त्यासाठी रॅकेटला वेग हवा, झोक हवा, वेळ हवा. स्लाइसमध्ये चेंडू ज्या दिशेने फिरतो आहे त्याच दिशेने फिरत राहतो, फक्त त्याचा प्रवास उलटा होतो. आलेली फिरकी वाया जात नाही. त्यामुळे छोट्या झोकातही चांगला स्लाइस बसतो.

केव्हा मारायचा

पहिला प्रसंग म्हणजे वेळ अपुरा असतो तेव्हा. चेंडू दूर कोपऱ्यात पडला आहे, तुम्ही धावत पोचता आहात, दोन्ही हात लावायला जागा नाही. दोन हातांनी बॅकहँड मारणारे खेळाडूही अशा वेळी एक हात सोडून स्लाइस मारतात, कारण एका हाताची पोच जास्त असते. शिवाय स्लाइस टॉपस्पिनच्या जोरकस फटक्यापेक्षा हळू जातो. तो पलीकडे पोचेपर्यंत तुम्हाला कोर्टाच्या मध्याकडे परतायला अवधी मिळतो. इथे चेंडू जाळीवरून थोडा उंच गेला तरी चालतो. या वेळी खोली महत्त्वाची, उसळी दुय्यम.

दुसरा प्रसंग प्रतिस्पर्ध्याच्या बांध्यावरून आणि पकडीवरून ठरतो. जाळी ९१ सेंटिमीटर उंच आणि चेंडू ४०-५० सेंटिमीटरवर, म्हणजे तो जाळीच्या खालून वर उचलणं भाग आहे. प्लिस्कोव्हासारख्या सपाट मारणाऱ्या उंच खेळाडूची इथे कोंडी होते. पूर्ण जोरात मारला तर वर निघालेला चेंडू खाली आणायला पुरेसा टॉपस्पिन नसतो आणि तो बेसलाइनबाहेर जातो. जोर कमी केला तर चेंडू मध्यावर पडतो. बार्टीच्या खेळाचा नेहमीचा साचा असा : बॅकहँडच्या कोपऱ्यातून तिरका, खोल स्लाइस प्रतिस्पर्धीच्या बॅकहँडला, तिच्याकडून वर उचललेलं आखूड उत्तर, आणि त्या चेंडूभोवती वळसा घालून बार्टीचा फोरहँड. गुण फोरहँडने मिळायचा, पण तो चेंडू स्लाइसने कमावलेला असायचा. रॅकेट मुठीत फार खालून धरून, तोंड मिटलेलं ठेवून टॉपस्पिन मारणाऱ्यांनाही खाली राहिलेला चेंडू जड जातो, कारण त्या पकडीत रॅकेट चेंडूच्या खाली नेणं अवघड असतं.

हाच साचा जर्मनीच्या स्टेफी ग्राफने तीस वर्षं आधी वापरला. बावीस ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं मिळवणारी ग्राफ बॅकहँडला बहुतेक वेळा स्लाइसच मारायची. तो तरंगत, खाली राहत जाईपर्यंत तिची पावलं बॅकहँडच्या कोपऱ्याकडे सरकलेली असायची आणि पुढचा चेंडू ती आपल्या प्रसिद्ध फोरहँडने घ्यायची.

तिसरा प्रसंग म्हणजे पुढे जाळीवर जायचं असतं तेव्हा. आखूड पडलेल्या चेंडूवर खोल स्लाइस मारून पुढे सरकलं की दोन फायदे होतात. चेंडू हळू जात असल्याने जाळीपाशी पोचायला वेळ मिळतो. आणि टप्पा खाली राहिल्याने समोरच्याला चेंडू वर उचलूनच मारावा लागतो, म्हणजे व्हॉलीसाठी तो जाळीच्या वर हाताशी येण्याची शक्यता वाढते.

केव्हा टाळायचा

स्लाइसची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसली ती रॉजर फेडरर आणि राफाएल नदाल यांच्या लढतींत. फेडररचा स्लाइस अप्रतिम होता. तरीही जानेवारी २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपन अंतिम सामन्याआधी नदालने त्याच्यावर २३ विजय मिळवले होते आणि फेडररच्या खात्यावर ११ होते.

नदाल डावखुरा. त्याचा तिरका फोरहँड प्रचंड टॉपस्पिन घेऊन फेडररच्या बॅकहँडवर यायचा आणि खांद्यापर्यंत उसळायचा. खांद्याच्या उंचीवरून मारलेला स्लाइस मुळातच उंचीवर सुरू होतो. जाळीजवळून सपाट नेणं कठीण, आणि उंचावरून आलेला चेंडू टप्प्यानंतर वर उठतो. त्यातून फेडररचा तिरका बॅकहँड नदालच्या बॅकहँडकडे न जाता थेट त्याच्या फोरहँडकडे जायचा. बार्टीचा स्लाइस उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्या बॅकहँडला सतावायचा. फेडररचा स्लाइस नदालच्या सर्वांत धारदार शस्त्रावर जाऊन पडायचा, आणि खालचा चेंडू टॉपस्पिनने उचलण्यात नदालचा हातखंडा होता.

त्या अंतिम सामन्यात पस्तीस वर्षांच्या फेडररने स्लाइसचं प्रमाण कमी केलं. तो बेसलाइनजवळ उभा राहिला आणि नदालचा चेंडू खांद्यापर्यंत चढण्याआधीच, उसळी वर येत असतानाच, बॅकहँडने थेट मारू लागला. पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना त्याने सलग पाच गेम घेतले आणि सामना ६-४, ३-६, ६-१, ३-६, ६-३ असा जिंकला. ज्याच्याकडे जगातला एक उत्तम स्लाइस होता त्याने तो बाजूला ठेवला, कारण चेंडूची उंची आणि प्रतिस्पर्ध्याचा हात, दोन्ही त्याच्या विरोधात होते.

टाळायचा दुसरा प्रसंग म्हणजे प्रतिस्पर्धी जाळीपाशी उभा असतो तेव्हा. स्लाइसचा सगळा त्रास टप्प्यानंतरचा आहे आणि जाळीवरचा खेळाडू टप्पा पडूच देत नाही. त्याच्यासाठी तो हळू येणारा, हवेत टिकून राहणारा सोपा चेंडू असतो. तिथे टॉपस्पिन लागतो, जो जाळी ओलांडताच त्याच्या पायाशी बुडतो. दुहेरीत हे विशेष सांभाळावं लागतं, कारण एक प्रतिस्पर्धी बहुतेक वेळ जाळीपाशीच असतो. सर्व्हिस परतवताना दिलेला स्लाइस त्याच्या पोचेबाहेरून, तिरका आणि जाळीलगत गेला तरच उपयोगी.

सराव करायचा असेल तर जाळीच्या वर साठ सेंटिमीटरवर एक दोरी ताणून बांधा. चेंडू जाळी आणि दोरी यांच्या मधून जायला हवा आणि सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडायला हवा. सुरुवातीला दोनपैकी एकच जमेल. दोरीखालून गेलेला चेंडू आखूड पडेल, खोल गेलेला दोरीवरून जाईल. मग रॅकेट खाली कमी आणि पुढे जास्त न्या, तोंड थोडं मिटा, खांदे आडवे धरा. दोन्ही एकत्र जमू लागतील तेव्हा पलीकडच्या जोडीदाराकडे पाहा. त्याने चेंडू मारण्यासाठी गुडघे वाकवले की तुमचा स्लाइस बसला, आणि त्याचं उत्तर आखूड पडणार हे धरून तुम्ही पुढचं पाऊल कोर्टाच्या आत टाकू शकता.